मंडईचं वर्णन लिहिताय? मग नाकाचे शब्द आधी निवडून घ्या

तीन वर्षांपूर्वी एका छोट्या दिवाळी अंकासाठी मी पुण्याच्या मंडईवर लेख लिहिला होता. संपादकांकडून तो परत आला तेव्हा त्यात सात ठिकाणी लाल गोल केलेले होते. चार 'सुगंध' या शब्दाभोवती, तीन 'दुर्गंधी'भोवती. समासात एकच ओळ होती: 'तुम्ही मंडईत गेला होतात, की आधी अत्तराच्या दुकानात आणि मग गटारावर?'

राग आला. दोन दिवस लेख तसाच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन पुन्हा मंडईत गेले आणि लक्षात आलं की संपादकांचं खरं होतं. मी लिहिलेला एकही वास तिथे येत नव्हता. पुढे तो लेख तीनदा लिहावा लागला. त्या तीन खेपांत जे कळलं ते इथे क्रमाने मांडते, म्हणजे पहिल्यांदा भाजीबाजाराचं वर्णन लिहायला बसलेल्याला माझ्याइतके हेलपाटे पडणार नाहीत.

उदाहरणं सगळी महात्मा फुले मंडईतली आहेत, कारण मला तीच माहीत आहे. १८८६ साली 'रे मार्केट' म्हणून सुरू झालेली, मधोमध अष्टकोनी मनोरा असलेली ती दगडी इमारत, आतले ओटे, बाहेरचे पाटीवाले आणि पलीकडे तुळशीबागेकडे सरकणारी गर्दी. तुमच्या गावचा आठवडी बाजार वेगळा असेल. शब्द मात्र हेच लागतील.

सोबत काय घ्यायचं

खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. पेन नको, पालेभाजीवर सतत पाणी मारत असतात, हात ओले होतात आणि शाई फुटते. कापडी पिशवी आणि सुटे पैसे घ्या, कारण काहीच न घेता ओट्यासमोर उभं राहून वहीत लिहिणारा माणूस कोणालाच आवडत नाही. पाव किलो काहीतरी घेतलंत की मावशी स्वतःहून बोलतात. घरी एखादा जाडजूड मराठी शब्दकोश असला तर उत्तम, पण तो घरीच ठेवा. शब्द आधी कोशात शोधून मग बाजारात गेलात, तर कोशातलेच वास यायला लागतात.

जाताना अत्तर, सेंट काही लावू नका. तोंडात पान किंवा वेलदोडा नको. सर्दी असेल तर त्या दिवशी जाऊच नका.

१. एक वेळ धरा, आणि पहिली पाच मिनिटं फक्त नाकाला द्या

एकाच ओट्याचा वास सकाळी सातला, दुपारी एकला आणि रात्री दुकानं आवरताना वेगवेगळा असतो. वास म्हणजे हवेत उडून येणारे कण. गारव्यात ते कमी उडतात, ऊन चढलं की जास्त. त्यामुळे सकाळी दबलेला टोमॅटो दुपारी बोलायला लागतो. माझ्या पहिल्या लेखात सकाळचं धुकं आणि दुपारचा आंबलेला वास एकाच परिच्छेदात होते. वाचणाऱ्याला चूक नेमकी दाखवता येत नाही, पण काहीतरी जमलेलं नाही हे त्याला कळतं.

दुसरी अडचण आपल्याच नाकाची. एखाद्या वासात काही मिनिटं उभं राहिलं की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. म्हणूनच भाजीवाल्यांना मंडईचा वास येत नाही आणि आपल्याला दारातच येतो. तेव्हा आत शिरताक्षणी आधी लिहा, भाजी नंतर बघा. वास संपल्यासारखा वाटला की बाहेर मोकळ्यावर या, चार-पाच मिनिटं थांबा आणि वेगळ्या दाराने आत जा. मी अशा तीन चकरा मारते.

वहीत या वेळी विशेषणं नकोत. काय आलं, कुठून आलं आणि आधी कळलं की आधी दिसलं, एवढंच पुरे. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: 'दार. गार. माती, बटाटे. शेपू डावीकडून, दिसत नाही अजून. कोणाचा तरी गजरा. गेला.' लेखातला सगळ्यात चांगला परिच्छेद पुढे याच ओळीतून निघाला.

२. 'चा' की 'ला', हे आधी ठरवा

वासाच्या शब्दांची यादी करण्याआधी विभक्तीकडे बघा. आपण बोलताना हे कधीच चुकवत नाही. लिहायला बसलो की मात्र हमखास विसरतो.

'दुधाचा वास येतोय' म्हणजे कुठेतरी दूध आहे. 'दुधाला वास येतोय' म्हणजे ते टाकून द्या. दोन्हीकडे शब्द तेच, मधलं एक अक्षर काय ते बदललं. पिशवीतून फ्लॉवरचा वास येणं साहजिक आहे. पण ओट्यासमोर उभं राहून 'या फ्लॉवरला वास येतोय हो' म्हणून बघा, मावशींचा चेहरा बदलेल. या वाक्यात 'घाण', 'कुजका', 'दुर्गंधी' असा एकही शब्द नाही. नुसत्या 'ला'ने काम केलेलं आहे.

आता क्रियापद बदला. 'या तांदळाला वास येतोय' म्हणजे तांदूळ गेला. 'या तांदळाला वास आहे' म्हणजे आंबेमोहोर किंवा इंद्रायणी असेल, दोन किलो घ्या. 'वासाचा तांदूळ' ही तर सरळ स्तुतीच. म्हणजे 'आहे' आलं की वास हा त्या वस्तूचा गुण ठरतो, 'येतोय' आलं की तिचं काहीतरी बिघडलेलं असतं.

बाकीची क्रियापदंही अशीच पारखून घ्यावी लागतात. वास 'सुटला' की तो आतून बाहेर पडलेला असतो. स्वयंपाकघरात 'काय वास सुटलाय!' म्हणतो ते कौतुकाने. नाल्याजवळ हेच क्रियापद दुर्गंधीलाही चालतं. वास 'मारतो' म्हटलं की तो कधीच चांगला नसतो. वास 'लागतो' तो दुसऱ्याचा. मंडईतल्या बटाटेवाल्या मावशी गोणीच्या तोंडाशी नाक नेऊन म्हणाल्या होत्या, "एक सडला ना ताई, की सगळ्या गोणीला वास लागतो." चांगल्या बटाट्यांचा काही दोष नाही, त्यांना तो लागला आहे, हे त्या एका क्रियापदात सांगून झालं. हाताला लसणाचा वास 'राहतो'. कपड्यांत धुराचा वास 'बसतो'. मिरचीची गोणी हलवली की ठसका 'लागतो', आणि तो तर धड वासही नाही.

पहिल्या खर्ड्यात माझे सगळे वास नुसते 'येत होते' आणि 'दरवळत होते'. मी विशेषणं बदलत बसले. खरं तर बदलायची होती ती क्रियापदं.

३. चांगल्या वासांना त्यांचं त्यांचं नाव द्या

शाळेत आपण समानार्थी शब्द पाठ करतो: वास, गंध, सुगंध, सुवास, परिमळ, दरवळ. परीक्षेत ते चालतं, मंडईत नाही. यातल्या प्रत्येकाचं घर वेगळं आहे.

'सुगंध' आणि 'सुवास' हे फुलांचे, चंदनाचे, अत्तराचे, उदबत्तीचे. भवानी होण्याआधी भाजीवाले तराजूपुढे उदबत्ती लावतात, तिला सुगंध म्हणा. बाहेर गजरेवाल्या बसतात, तिथेही म्हणा. कोथिंबिरीला सुगंध म्हटलं की निबंध सुरू झाला. 'परिमळ' संतवाणीतून आलेला, देवघरातला शब्द. भाजीच्या पाटीजवळ तो अवघडून उभा राहतो.

'दरवळ' हलका असतो आणि फिरत येतो. बहुतेक वेळा तो कुठून येतोय ते दिसत नसतं. मोगऱ्याचा गजरा माळलेली बाई गर्दीतून पुढे निघून गेली की मागे राहतो तो दरवळ. शेपूला दरवळ नसतो.

'घमघमाट' भरपूर असतो आणि जागा भरून टाकतो. पिकलेले पेरू, पेंढ्यातला हापूस, फोडलेला फणस. 'मंद घमघमाट' असं काही नसतं, तरी मी तो लिहिला होता आणि संपादकांनी तो गोल करायचा राहूनही गेला होता.

'खमंग'ला विस्तव लागतो. काहीतरी भाजलं, परतलं, तळलं गेलं पाहिजे. कच्च्या शेंगा खमंग नसतात, भाजक्या असतात. म्हणून आतल्या ओट्यांवर हा शब्द चालत नाही. बाहेर शेंगावाला किंवा वड्याची कढई दिसली तर चालेल.

मग पालेभाजीला काय म्हणायचं? खरी पंचाईत इथे होते, कारण तिच्यासाठी मराठीत तयार नाम नाही. साधा 'वास' घ्या आणि विशेषणाकडे लक्ष द्या. 'वास' हा शब्द चार ओळींत तीनदा आला तरी बिघडत नाही. तो टाळायला गेलं की 'सुगंध' शिरतो.

विशेषणांच्या शेपट्या ऐका. 'कडसर', 'गोडूस', 'आंबूस' यांत राग नाही; थोडं आहे, इतकंच त्या सांगतात. मेथीला कडसर वास असतो. 'जळकट', 'खवट', 'कुबट', 'तेलकट' यांत नाक मुरडलेलं आहे. 'मातकट' मधेच कुठेतरी बसतो: चहाला मातकट वास आला तर तक्रार, सुरणाला किंवा बटाट्याला आला तर ओळख. 'हिरवा वास' आणि 'हिरवट वास' यांतही असाच फरक आहे. पहिला ताज्या पेंडीचा, दुसरा कच्च्या राहिलेल्या भाजीचा. हिवाळ्यात हरभऱ्याच्या गड्ड्या येतात. त्या पाल्यावरची आंब बोटांना लागते आणि आंबट वास येतो. त्याला नुसतं 'आंबट' म्हणा, 'आंबलेला' म्हणू नका. एवढ्याशा फरकाने ताजा हरभरा शिळा होतो.

४. न चिरलेल्या कांद्याला झणझणीत करू नका

हा खड्डा इतका मोठा आहे की त्याला वेगळा मथळा दिला. भाजीबाजाराचं वर्णन म्हटलं की 'कांदा-लसणाचा झणझणीत वास' हे ठरलेलं वाक्य. प्रत्यक्षात अख्ख्या कांद्यांच्या ढिगाजवळ उभे राहा. धूळ, वाळकं टरफल, गोणपाट. झणझणीत काहीच नाही. कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटतात, एरवी वेगळ्या राहणाऱ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि तेव्हा कुठे तो झोंबणारा वायू तयार होतो. लसणाचंही तेच, अखंड गड्डीला वास अगदी थोडा, सोलली-ठेचली की मग नाकात जातो.

रोज भाजी घेणाऱ्या वाचकाला हे शास्त्र माहीत नसेल, पण न चिरलेला कांदा कसा असतो ते त्याच्या हाताला माहीत असतं. ते वाक्य वाचलं की लेखिका तिथे गेलीच नव्हती, हे त्याला कळतं.

म्हणून प्रत्येक वासाला विचारा, हा आत्ता का येतोय? कोणी देठ खुडलं, पेंडी सोडली, आलं मोडून बघितलं, लिंबू नखाने टोचलं, ओलं पोतं झटकलं? ते कारण वाक्यात आलं की निम्मं वर्णन झालंच. काही भाज्यांना कारण लागत नाही. शेपू नुसता ठेवला तरी लांबून कळतो. पिकला पेरूही तसाच.

५. उग्र म्हणजे घाण नव्हे

शेपू, मुळा, फणस, सुकी मिरची, हिंगाच्या डब्या. या वासांना चांगलं म्हणवत नाही आणि वाईट म्हटलं तर अन्याय होतो. यांच्यासाठी 'उग्र' आणि 'दर्प' आहेत. दर्प म्हणजे मुळात गर्व, ताठा. तो वास अंगावर चालून येतो, बाजूला होत नाही. फिनेल, स्पिरिट, दारू यांना दर्प शोभतो. मुळ्याला 'उग्र वास' पुरे. शेपूच्या पेंडीसमोर मी नाक आक्रसलं तेव्हा ओट्यावरच्या मावशी म्हणाल्या, "शेपूला वास असतोच ताई. वास नसला तर शेपू कशाला म्हणायचं त्याला?" पाहा, त्याही 'आहे'च्या घरातलं क्रियापद वापरत होत्या.

एकदम येणाऱ्या वासाला 'भपकारा' म्हणतात. 'भपकन', 'भक्कन' ही त्याची क्रियाविशेषणं. झाकण उघडलं, गोणी फाडली, गाडीचं फाळकं पाडलं की भपकारा येतो. तो टिकत नाही. 'दिवसभर भपकारे येत होते' म्हणायचं असेल तर कोणीतरी दिवसभर झाकण उघडत-मिटत होतं, असं होतं.

६. घाणीची जात ओळखा

'असह्य दुर्गंधी' लिहून लेखक सुटतो, पण वाचकाच्या नाकापर्यंत काहीच पोचत नाही. दुर्गंधी हा वर्तमानपत्राचा आणि महापालिकेला दिलेल्या अर्जाचा शब्द आहे. कचरा चार दिवस उचलला नाही, अशी तक्रार लिहिताना तो योग्य. ओट्याशेजारचा वास सांगताना, तिथे काय बिघडलंय ते सांगा.

पाला कुजतो. कोबी-फ्लॉवरची टाकलेली पानं ढिगात दाबली गेली की कुजकट, गटारासारखा वास येतो. त्या भाज्यांत गंधक असतं म्हणून. कांदे-बटाटे सडतात. सडक्या बटाट्याचा वास त्या मानाने फार वाईट, आणि एकच बटाटा पुरतो. आंबा, टोमॅटो नासतात. 'एक नासका आंबा सगळी अढी नासवतो' ही म्हण उगाच नाही. टोमॅटो फुटून उन्हात राहिला तर त्याआधी आंबतो, तेव्हा वास गोडूस-आंबूस असतो आणि त्यावर चिलटं बसतात. खोबरं आणि शेंगदाणे खवट होतात, त्यांत तेल असतं म्हणून. भाजी कधी खवट होत नाही. ओलं गोणपाट घडी करून ठेवलं की कुबट वास येतो, बंद कपाटातल्या कपड्यांसारखा. पावसाळ्यात मंडईत सगळ्यात जास्त येतो तो हाच, आणि लेखांत सगळ्यात कमी सापडतो तोही हाच.

बोलताना या सीमा पुसट होतात, कोणी सडका आंबा म्हणेल, कोणी नासका कांदा. चालतं. पण कुबट आणि कुजका यांची अदलाबदल करू नका. कुबट कोंडल्याने येतो, कुजका मरण्याने.

'घाण' हा शब्द बोलण्यात राखा. पात्राच्या तोंडी 'घाण येतीये' अगदी नैसर्गिक वाटतं. निवेदनात आला की लेखकाच्या कपाळाला आठ्या दिसतात.

७. गर्दीत वास आधी, वस्तू नंतर

मोकळ्या बाजारात आधी ढीग दिसतो, मग वास येतो. दाटीत उलट. समोर पाठी आणि पिशव्या असतात, ओटा दिसतच नाही, नाक मात्र त्या पाठींच्या पलीकडे जाऊन आलेलं असतं. वाक्यही त्याच क्रमाने लावा. 'डावीकडे शेपूच्या जुड्या होत्या व त्यांचा उग्र वास येत होता' यात गर्दी नाही. 'शेपू आधी कळला, दिसला नंतर' यात ती आली, 'गर्दी' हा शब्द न वापरता.

शिवाय गर्दी तुम्हाला हवं तिथे थांबू देत नाही. तुम्ही अडकता ते नेमकं कशाशेजारी, ते लिहा. एका परिच्छेदात तीनपेक्षा जास्त वास घेऊ नका. वाचकाचं नाकही थकतं.

आणि माणसांच्या वासाबद्दल जपून. 'घामट वास' लिहिणं सोपं आहे, पण तो कोणाच्या गळ्यात बांधताय ते बघा. कष्टाच्या, खालच्या मानलेल्या माणसांना वासावरून हिणवण्याची आपल्याकडे जुनी, वाईट सवय आहे आणि ती लेखणीतून नकळत उतरते. माझ्या पहिल्या खर्ड्यात घामाचा वास फक्त हमालांना होता, मला नव्हता. मीही त्याच गर्दीत, मे महिन्यात, दीड तास उभी होते.

८. एक परिच्छेद दुरुस्त करून बघू

हा माझा मूळ परिच्छेद, जसा होता तसा:

'मंडईत शिरताच ताज्या भाज्यांचा मनमोहक सुगंध दरवळत होता. कांदा-लसणाचा झणझणीत वास नाकाला झोंबत होता. कोथिंबिरीचा सुवास आसमंतात पसरला होता. मात्र कोपऱ्यातल्या कचऱ्याची असह्य दुर्गंधी येत होती. गर्दीमुळे हमालांच्या घामाचा वासही येत होता.'

पहिलं वाक्य गेलं. 'ताज्या भाज्यांचा' असा कोणता एक वास नसतो. दारात खरं तर बटाट्याची माती होती. दुसरं वाक्य खोटं, कांदा कोणी चिरत नव्हतं. तिसऱ्यातली कोथिंबीर खरी होती, पण तिचा वास 'पसरला' नव्हता. मावशी देठ खुडत होत्या तेवढ्यापुरता तो उठत होता. 'आसमंत' तर छपराखाली आलाच कसा? चौथ्यात कचरा म्हणजे काय, ते वहीत होतं: कालची कोबीची पानं. पाचवं वाक्य मी काढलं आणि हमालाला त्याच्या डोक्यावरची पाटी दिली. थंडीत पुन्हा एक चक्कर मारून मग हे लिहिलं:

'दारातून आत पाय टाकला तो गारवा आणि मातकट वास एकदमच अंगावर आला. बटाट्याच्या गोण्या रित्या होत होत्या. शेपू आधी कळला. दिसला दहा पावलांनंतर, पुढच्या बाईच्या खांद्यापलीकडे. तिथेच गर्दी अडली. शेजारच्या ओट्यावर मावशी कोथिंबिरीची पेंडी सोडून लहान जुड्या बांधत होत्या. देठ खुडलं की हिरवा, ओला वास उठायचा आणि पुढच्या जुडीपर्यंत बसायचा. मागून हमालाने "वाट, वाट" केलं. त्याच्या पाटीत पेरू असावेत, कारण तो पुढे गेला तरी घमघमाट आमच्यातच राहिला. वळणावर पायाखाली कोबीची पानं आली. कालची. त्यांना वास येत होता.'

तीनपेक्षा जास्त वास नकोत म्हणाले आणि इथे पाच आहेत. कबूल. मातकट आणि कोबी या दोन टोकांना एकेक वाक्य दिलं आणि मधल्या तिघांना जागा दिली, म्हणून ते पेललं असं मला वाटतं. संपादकांना एक अजून कमी हवा होता. शेवटच्या वाक्यात विशेषण नाही, ते 'ला'च्या भरवशावर सोडलं आहे.

९. छापायला देण्याआधी

लिंग तपासा. 'दुर्गंध' पुल्लिंगी, 'दुर्गंधी' स्त्रीलिंगी. 'असह्य दुर्गंध आली' असं छापून आलेलं मी वाचलं आहे. वासाचा 'गंध' पुल्लिंगी आहे, पण कपाळावर लावतात ते 'गंध' नपुंसकलिंगी. भाजीवाल्या काकांच्या कपाळावर गंध असेल आणि त्याच वाक्यात दुसरा गंध आला, तर वाचक अडखळतो. तिथे 'वास' वापरा.

'मनमोहक', 'आल्हाददायक', 'असह्य', 'विशिष्ट' हे शब्द शोधून काढा. यातला 'विशिष्ट' सर्वांत लबाड. 'एक विशिष्ट वास येत होता' म्हणजे लेखकाला तो ओळखता आला नाही.

'चा' आणि 'ला' प्रत्येक ठिकाणी मोठ्याने वाचून बघा. आणि शेवटी लेख अशा माणसाला वाचून दाखवा जो रोज भाजी आणतो आणि ज्याला साहित्यात रस नाही. मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या पालक निवडत ऐकत होत्या. एका जागी हात थांबवून त्यांनी विचारलं, "लसणाचा वास म्हणतेस, तो सोललेला होता का गं?"

नव्हता. ते वाक्य तिसऱ्या खर्ड्यातही कुठून तरी परत आलं होतं.